सर्वेक्षणानंतर मुलाखतीला कोण: टोकाचे की जोडीचे?

सर्वेक्षणाचा निकाल अपेक्षेच्या उलटा आला आणि त्याचं कारण शोधायला मुलाखती घ्यायच्या आहेत, तर साधारण दोन वाटा असतात. आकड्यांत सगळ्यात टोकाला असलेली माणसं गाठायची, किंवा बाकी सगळं सारखं पण एकाच बाबतीत वेगळं अशा जोड्या लावायच्या. फॉर्मच्या शेवटी ‘मुलाखतीला तयार’ अशी खूण केलेल्यांनाच बोलावणं सोपं, पण त्यात बहुधा बोलकीच माणसं हाती लागतात.

मी आधी टोकाचे निवडले. निफाड-दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदारांचे ११८ फॉर्म होते. रोग व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतलेले कमी फवारण्या करत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. निघालं उलटंच. म्हणून सर्वाधिक फवारण्या सांगणारे सहा जण गाठले. सहाही जणांचं उत्तर एकच: “ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, डाऊनीचा रोग आला, मग काय करणार?” उत्तर खोटं नव्हतं. पण तोच पाऊस कमी फवारणाऱ्यांच्या बागेवरही पडला होता. त्यांना मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे सहा टेप ऐकूनही पाऊस हे कारण आहे की नुसती पार्श्वभूमी, हे ठरवता येईना. माझं मन तिथेच फिरलं.

मग जोड्या लावल्या: गाव एक, वाण थॉम्सन, क्षेत्र जवळपास सारखं, एकाने प्रशिक्षण घेतलेलं, दुसऱ्याने नाही. दोघेही आपापल्या गटाच्या सरासरीजवळचे, टोकाचे नव्हेत. पहिल्याच जोडीत प्रशिक्षण घेतलेल्या काकांनी निर्यातीसाठी ठेवलेली फवारणीची वही काढली आणि तारखेवार ४३ नोंदी वाचून दाखवल्या. शेजारच्या बांधावरचे दादा म्हणाले, “असतील वीसेक.” औषधांची बिलं काढून बसलो तेव्हा तेही चाळिशीच्या आसपास निघाले. पुढच्या दोन जोड्यांतही असंच दिसलं. म्हणजे बराचसा फरक फवारणीत नव्हता, मोजण्यात होता.

जोड्यांना अडचणी आहेतच. इतक्या बाबी जुळणारी माणसं कमी मिळतात. मला बारा जोड्या हव्या होत्या, चारच जुळल्या. शिवाय फॉर्मवर क्रमांक आणि पुन्हा फोन करण्याची परवानगी आधीच घेतलेली नसेल, तर ही वाट बंदच. प्रश्नावलीत काय विचारायचंच राहिलं हे शोधायचं असेल, तर टोकाची माणसं कदाचित जास्त शिकवतील. पण दोन गटांतला फरक का पडला हे हवं असेल, तर मी तरी जोडीकडेच जाईन.

नंतर ज्यांची परवानगी होती त्या सगळ्यांना फोन करून एकच विचारलं: आकडा वहीतून दिला होता की आठवून?