वरचं दूध द्यायचंच आहे, तर दर वेळी थोडं थोडं की एक वेळचं पूर्ण? दोन्ही करून बघितलेलीचं म्हणणं

आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत. मी वडगावात राहते, मी दर वेळी अंगावर पाजून झालं की थोडी पावडर द्यायचे. माझी जाऊ खानापुरात, तिने दुपारची फीडं एकेक करत पूर्ण पावडरवर नेली कारण तिला बेळगावात नोकरीवर परत यायचं होतं. लोकांना दोन्ही सारखंच वाटतं, शेवटी डबा तोच की, पण दूध टिकण्याच्या हिशोबाने दोन्हीत खूप फरक आहे.

आधी एकच गोष्ट डोक्यात बसवा. अंगावरचं दूध हळीव खीर किंवा डिंकाच्या लाडवाने वाढत नाही (खा, बाळंतिणीला ताकद लागतेच), ते रिकामं केल्याने वाढतं. भरलेलं राहिलं की शरीर समजतं एवढं लागत नाही, आणि बनवायचा वेग कमी करतं. म्हणून वरचं किती दिलं यापेक्षा छाती दिवसात किती वेळा रिकामी होते ते बघायचं.

माझं कसं बिघडलं ते सांगते. पाचव्या आठवड्यात पोरगी रोज संध्याकाळी सहा ते नऊ रडायची, सारखी छातीलाच लागायची. सासूबाई म्हणाल्या, "पुरेना झालंय गं तिला, वरचं दे की." लसीला गेलो तिथल्या बाईंनीही सांगितलं की प्रत्येक फीडनंतर साठ मिली द्या. खरं म्हणजे तिचं वजन जन्माला ३ किलो होतं आणि तेव्हा ३.९, म्हणजे दिवसाला पंचवीसेक ग्रॅम वाढ, पहिल्या तीन महिन्यांत २० ते ३० ग्रॅम म्हणजे चांगलंच, आणि संध्याकाळी असं चिकटून बसणं त्या वयाची बरीच बाळं करतात. पण ते मला नंतर कळलं. साठ मिली पोटात गेलं की ती चार-चार तास झोपायची, सगळे खूश, मी पण खूश. दोन आठवड्यात दिवसाला नऊ-दहा वेळा पाजायचे ते पाच-सहावर आलं आणि मग खरंच दूध कमी झालं. थोडं थोडं देण्याच्या पद्धतीत हाच खड्डा आहे, दुधाची मागणी कुठे गळली ते दिसतच नाही.

जावेच्या पद्धतीत ते दिसतं, कारण फीड ठरवून काढलेलं असतं. तिचं बाळ दहा आठवड्यांचं, ५ किलोचं. दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली धरलं तर ७५० मिली, आठ फीडं, म्हणजे एका वेळी नव्वदेक मिली. ती सव्वानऊला घराबाहेर पडणार आणि सहाला परत, म्हणजे मधली तीन फीडं जाणार. तिने नोकरीच्या चार आठवडे आधीच सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फक्त अडीचचं फीड पावडरवर, ते पण सासऱ्यांनी वाटी-चमच्याने पाजलं, ती स्वतः दुसऱ्या खोलीत, कारण आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघत नाही. दुसऱ्या आठवड्यात साडेअकराचं, तिसऱ्यात पाचचं, आणि चौथा आठवडा काहीच न बदलता तसाच. एक फीड काढलं की निदान पाच-सात दिवस थांबायचं म्हणजे छातीला कळतं. एकदम तीन काढली असती तर गाठी, ताण, वर मॅस्टायटिस व्हायची भीती, म्हणजे लाल गरम दुखरा भाग आणि थंडी वाजून ताप, तसं झालं तर पाजणं बंद न करता डॉक्टरकडे जायचं. छाती फारच तटली तर बरं वाटेपुरतंच हाताने पिळायची ती.

नोकरी लागल्यावर दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा पंपाने दूध काढायची. ते केलं नसतं तरी चाललं असतं, फक्त त्या वेळचं दूध शरीराने कमी केलं असतं. सकाळची, संध्याकाळची आणि रात्रीची फीडं मात्र तिने अंगावरच ठेवली. रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं, म्हणून "रात्री डबा दे आणि झोप" हा सल्ला मला दूध टिकवायच्या दृष्टीने सगळ्यात महाग वाटतो.

मग कुणी काय निवडावं? बाळाचं वजनच वाढत नसेल, डॉक्टरने वरचं सांगितलं असेल, तर थोडं थोडंच बरोबर, कारण अशा वेळी एकही फीड छातीवरून काढणं परवडत नाही. पण आधी दोन्ही बाजू पाजायच्या, मग मोजून वरचं, आणि दिवसात दोन-तीनदा नंतर दहा मिनिटं पंप किंवा हाताने काढायचं. तीन तास झाले की झोपलेलं बाळ उठवायचं. कारण नोकरी किंवा प्रवास असेल तर ठराविक वेळचं फीड बदला, दिवसभर थोडं थोडं पसरू नका. आणि कारण फक्त संध्याकाळची रडारड असेल तर आधी वजन करा आणि लघवीचे लंगोट मोजा, चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले असतील आणि वजन वाढत असेल तर डबा उघडायची घाईच नको. छाती मऊ लागते, पंपात कमी येतं, यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही.

माझं दूध परत कसं वाढलं? वरचं कसं कमी करत न्यायचं ते बालरोग डॉक्टरांनी बसवून दिलं. पाच वेळा साठ म्हणजे दिवसाला ३०० मिली चालू होतं. दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक वेळचं दहा मिली कमी, आठवड्याला त्याच काट्यावर वजन. चाळीस, तीस व्यवस्थित गेलं. वीसवर आले तेव्हा ओले लंगोट पाचवर आले आणि आठवड्याची वाढ फक्त ८० ग्रॅम. तर परत तीसवर, एक आठवडा तिथेच थांबले, मग पुढे. एकदम बंद करणाऱ्या बायका बघितल्यात मी, बाळ उपाशी आणि आई रडतेय. माझं शेवटचं संध्याकाळचं तीस मिली चौथ्या महिन्यापर्यंत राहिलंच, आणि राहू दिलं.

बाटलीचं म्हणाल तर मी आधी बाटलीच घेतली आणि चूक केली. आडवं झोपवून मोठ्या भोकाचं निपल दिलं की दूध आपोआप घशात पडतं, मग छातीला ओढायचा कंटाळा. वाटी-चमचा किंवा घरातलं जुनं बोंडलं बरं. बाटलीच हवी तर सगळ्यात हळू निपल, बाळ बसतं धरून, बाटली आडवी, मध्ये मध्ये थांबून.

पावडर करताना पाणी उकळून थोडंच निवू द्यायचं, निदान सत्तर डिग्री तरी गरम असावं, आधी पाणी मग पावडर, आणि पाजायच्या आधी कोमट होईपर्यंत निववून मनगटावर बघायचं. माझ्या डब्यावर तीस मिलीला एक सपाट चमचा लिहिलं होतं, तुमच्या डब्यावर बघा. आमच्याकडे "पातळ केलं तर पचायला हलकं" म्हणून साठ मिलीला एकच चमचा घातला जायचा, मला दोन दिवसांनी कळलं. पोट भरलेलं दिसतं, पण बाळाला मिळतं अर्धंच. उरलेलं दूध परत गरम करून देऊ नका, पाजायला घेतल्यापासून तासाभरात टाकून द्यायचं, इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच.