नवीन वेबसाइटचे नऊ महिने: माझे एकतीस स्टिकर आणि एक 'कायमचा' बदल

दादरला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. कागद, टोनर, स्पायरल, लॅमिनेशन पाउच हा सगळा माल सहा वर्षं एकाच ऑनलाइन होलसेलरकडून घेतोय. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांना कळेलच, बाकीच्यांना कळून उपयोग नाही. गेल्या जूनमध्ये त्यांनी साइट बदलली, म्हणजे ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसांत. मार्कशीटच्या झेरॉक्ससाठी रांग गटारावरच्या फळीपर्यंत जाते, तेव्हा.

आधी माझी पद्धत सांगतो, नाहीतर चिडचिड कळायची नाही. दुकानातल्या प्रत्येक कप्प्याला मी एक क्यूआर स्टिकर लावलाय. कप्प्यातला माल संपत आला की स्टिकर स्कॅन करायचा, थेट त्याच वस्तूचं पान उघडतं, नग टाकायचे, ऑर्डर. एकूण एकतीस स्टिकर, सगळे लॅमिनेट केलेले. कामाला असलेल्या मुलालाही हे जमतं, त्याला 'पंचाहत्तर जीएसएमचा कुठला' हे विचारावं लागत नाही.

नवीन साइट आली त्या दिवशी ए-फोरचा स्टिकर स्कॅन केला तर होमपेज. टोनरचा केला, तेच होमपेज. एकतीसच्या एकतीस. वर हसरी मुलगी आणि खाली 'आता खरेदी अधिक सोपी'.

बदलाचा मेल मी तेव्हा नीट वाचला नव्हता, नंतर वाचला. त्यात जुन्या ग्राहकांसाठी चार गोष्टी होत्या: पासवर्ड गेला, आता मोबाइलवर ओटीपी, जुन्या ऑर्डरी तशाच दिसतील, किमती जीएसटी सोडून दाखवल्या जातील, आणि 'तुमच्या जुन्या लिंक आपोआप नवीन साइटवर येतील'. शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. लिंक नवीन साइटवर येत होत्याच. कुठल्या पानावर येतील ते कुणी म्हटलंच नव्हतं.

हेल्पलाइनवरच्या मुलीला तीनदा सांगितलं. तिचं एकच उत्तर, "सर, पेज ओपन होतंय ना?" होतंय हो, पण चुकीचं होतंय! त्यापेक्षा 'पान सापडलं नाही' असं लाल अक्षरात आलं असतं तर तिलाही बिघाड पटला असता. सगळं होमपेजवर ढकललं की मोडलेली गोष्ट चालू असल्यासारखी दिसते.

शेवटी पुतण्याला बसवलं, इंजिनिअरिंगला आहे. त्याने लॅपटॉपवर एक ओळ टाकली. साइटचा पत्ता बदलून इथे देतो:

```
curl -I "https://www.example.com/product.php?id=4172"

HTTP/1.1 301 Moved Permanently
Location: https://www.example.com/
```

म्हणाला, "काका, हे बघा. जुना पत्ता विचारला की सर्व्हर सांगतो, कायमचं हलवलंय, इकडे जा. आणि 'इकडे' म्हणजे नुसतं दार. ४१७२ हा तुमच्या कागदाचा नंबर वाटेतच गळाला." जुन्या साइटवर वस्तू नंबरने ओळखली जायची, नवीनवर नावाने. मग कुठला नंबर म्हणजे कुठलं नाव, याचा तक्ता करावा लागतो. तो करायचा कंटाळा केला आणि सरसकट एकच नियम लावला.

हा स्क्रीनशॉट आणि एकतीस लिंकांची यादी मेलने पाठवली. जुलै गेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चक्क फोन आला, यावेळी काम करणाऱ्या माणसाचा. "तुमच्या यादीवरून तक्ता केला, बाकीच्या वस्तूही टाकल्यात, आता बघा." मी उड्या मारत स्कॅन केला. होमपेज.

त्याला फोनवर जे बोललो ते परत घेतो, कारण त्याची यावेळी चूक नव्हती. मुलाच्या फोनवर तोच स्टिकर बरोबर कागदाच्या पानावर जात होता, फक्त माझ्याच फोनवर नाही. पुतण्या म्हणाला, इन्कॉग्निटो विंडोत उघडा. उघडलं, तर बरोबर पान! गोम अशी की ३०१ म्हणजे 'कायमचं'. ब्राउझर ते उत्तर एकदा ऐकतो आणि साठवून ठेवतो, मग पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतही नाही. जूनमध्ये मी रागाने एकतीसही स्टिकर दोन-दोनदा स्कॅन केले होते, त्यामुळे एकतीसही चुकीची उत्तरं माझ्या क्रोममध्ये घट्ट बसली होती. ज्याने कधी स्कॅनच केलं नाही त्याला काही त्रास नाही. कंपनीने तक्ता होईपर्यंत ३०२, म्हणजे 'तात्पुरतं हलवलंय', असं लावलं असतं तर ब्राउझरने ते एरवी धरून ठेवलं नसतं. एका आकड्याचा फरक. आणि हे त्यांच्या बाजूने सहज दुरुस्तही होत नाही, कारण माझा फोन जुना पत्ता त्यांना विचारतच नाही.

उपाय सोपा आहे: क्रोमच्या सेटिंगमध्ये ब्राउझिंग डेटा काढून टाकायचा, पण फक्त साठवलेल्या फायली आणि चित्रं. मी सगळ्याच चौकटींवर टिक केली. कुकीही गेल्या, लॉगिन गेलं, आणि ओटीपी गेला चिपळूणला! खातं दादाने उघडलं होतं, नंबर त्याचा. पावसात तिकडे रेंजची बोंब. फोन लागला तेव्हा दादा म्हणाला, "अरे, मेसेज आलाय खरा, पण दहा मिनिटं झाली त्याला." नंबर बदलायलाही आधी जुन्या नंबरचा ओटीपी लागतो, तो दादा गणपतीत घरी आला तेव्हा बदलला. मेलमध्ये 'साइट बदलायच्या आधी आपला नंबर तपासून घ्या' एवढी ओळ हवी होती, चार दिवस अगोदर.

किमतीचंही सांगतो. टोनर ८५० दिसला, वाटलं स्वस्त झाला. पैसे भरताना १,००३, कारण १८ टक्के वर. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मला मिळत नाही, म्हणजे माझ्यासाठी भाव १,००३ हाच. जुन्या साइटवर तोच दिसायचा. ज्यांना क्रेडिट मिळतं त्यांना नवीन पद्धत बरी. ऑक्टोबरमध्ये वर एक बटण आलं, 'करासह दाखवा'. ते दाबलं की तसंच राहतं, दर वेळी दाबावं लागत नाही.

बिलांच्या बाबतीत मात्र मी हरलो. पूर्वी एकेक बिल उघडून उतरवायचो, तिमाहीला अख्खा रविवार जायचा. आता तारखा टाकल्या की सगळी बिलं एका फाइलमध्ये येतात. डिसेंबरची तिमाही चहा गार व्हायच्या आत आमच्या सीएकडे गेली. सहा वर्षांपूर्वीचंही बिल सापडलं.

बायकोने हिशोब काढला की एकतीस स्टिकर नव्याने छापून लॅमिनेट करायला दुकानातल्याच मालात दीडेकशे रुपये लागले असते, आणि मी त्यासाठी अडीच महिने भांडलो. बरोबर आहे. पण स्टिकर माझे चांगले होते.

दुसऱ्या होलसेलरकडे भाव काढला होता, कागदाच्या बॉक्सला पस्तीस रुपये जास्त. सध्या इथेच आहे. ए-फोरचा स्टिकर परवाच स्कॅन केला, पान उघडलं, दोन बॉक्स टाकले.