एआयचा लोगो हाताने नीट करून घ्यायचाय? ट्रेस, रिड्रॉ की नवीन, काय सांगायचं डिझायनरला

लोगोची फ्रीलान्स कामं करते मी, आणि हल्ली माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या चौकशा एकाच प्रकारच्या असतात. त्यातलंच एक पत्र, दुकानाच्या मालकीणबाईंना विचारून, नाव काढून इथे देते:

"नमस्कार ताई, आमचं कांदा लसूण मसाल्याचं छोटं दुकान आहे, घरीच बनवतो. मुलाने एआयवर लोगो काढलाय, सगळ्यांना आवडला. बाई उखळात मसाला कुटतेय असं चित्र आणि खाली नाव. फक्त थोडं फिनिशिंग करायचंय, अक्षर जरा बिघडलंय आणि हात नीट दिसत नाही. लेबल, बिलावर, दुकानाच्या बोर्डावर आणि कापडी पिशवीवर लावायचा आहे. किती घ्याल आणि कधी द्याल?"

पत्र छान आहे खरं तर. लोगो कुठेकुठे लागणार ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे फार कमी लोक सांगतात. पण "थोडं फिनिशिंग" म्हणजे तीन वेगळी कामं होऊ शकतात आणि तिन्हीचे पैसे, वेळ, निकाल सगळं वेगळं. तुम्ही असंच पत्र पाठवायच्या विचारात असाल तर आधी यातलं कुठलं हवंय ते ठरवा.

पहिलं म्हणजे ऑटो ट्रेस. इलस्ट्रेटरमधे इमेज ट्रेस किंवा इंकस्केपमधे ट्रेस बिटमॅप, बटण दाबलं की पीएनजीचा व्हेक्टर होतो, म्हणजे ठिपक्यांच्या चित्राचं रेषा-आकारांचं चित्र. सगळ्यात स्वस्त, त्याच दिवशी मिळतो. फाइल मोठी केली की फाटत नाही हे खरंय, पण ट्रेस जे दिसतं तेच उचलतो, चूक असेल तर चुकीसकट. या बाईंच्या चित्रात मुसळ धरलेल्या हाताला सहा बोटं होती आणि मुसळ मनगटाच्या मागून जाऊन पुढून बाहेर येत होतं, ट्रेसनंतरही ते तसंच राहणार, फक्त आता कडा धारदार. वरून रंगांचा घोळ. पदरावर लाल ते मरून अशी छटा होती, तिचे ट्रेसमधे सात-आठ वेगवेगळे पट्टे होतात, आणि कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंट करायचं तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे एका पिशवीचा खर्च कुठल्या कुठे जातो.

दुसरं, रिड्रॉ. कल्पना तीच ठेवायची, चित्र खाली फिकट करून ठेवायचं आणि पेन टूलने वरून सगळं नव्याने काढायचं. माझ्याकडे याला ट्रेसच्या तीन-चार पट पैसे लागतात कारण वेळच तेवढा जातो. पण फरक इथेच आहे, आणि तो सगळ्यात जास्त अक्षरात दिसतो. त्यांच्या लोगोत "गृहउद्योग" असं होतं. लांबून बघितलं तर बरोबर वाटतं, जवळून बघितलं तर गृ ची खालची खूण गायब, द्य चं जोडाक्षर म्हणजे द ला चिकटलेलं काहीतरी वेटोळं, आणि शिरोरेखा मधेच तुटून अर्धा मिलिमीटर खाली जाऊन पुन्हा सुरू. अशी अक्षरं दुरुस्त करत बसूच नये असं माझं ठाम मत आहे. सरळ चांगला देवनागरी फॉन्ट घ्यायचा, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, लोगोत वापरायला पैसे पडत नाहीत, त्यात नाव टाइप करायचं, आउटलाइन करायचं म्हणजे अक्षरांचे साधे आकार करून टाकायचे, आणि मग शिरोरेखा, मात्रा, अंतर हाताने जुळवायचं. आउटलाइन यासाठी की फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो आणि मग तिथे नाव भलत्याच अक्षरात छापून येतं.

एक गोष्ट विचारून घ्या, डिझायनरने मराठी अक्षरांचं काम आधी केलंय का. इलस्ट्रेटरमधे भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात, आणि मराठी न वाचणाऱ्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही.

चित्राचंही रिड्रॉमधेच सोपं करता येतं. बिलाचा साधा थर्मल प्रिंटर मिलिमीटरला ८ ठिपके छापतो आणि फक्त काळा. लोगो २० मिलिमीटर रुंद म्हटला तर हाताशी १६० ठिपके. मूळ चित्र १०२४ पिक्सेलचं, त्यात साडीच्या काठाची रेघ ४ पिक्सेलची, म्हणजे बिलावर ती एका ठिपक्यालाही पुरत नाही, एकतर नाहीशी होते नाहीतर काळा डाग पडतो. म्हणून मी काठाची नक्षी काढून एक जाड पट्टी ठेवली, बोटं वेगवेगळी न दाखवता मूठ एकाच आकारात घेतली (सहाव्या बोटाचा प्रश्नही तिथेच मिटला) आणि रंग दोनच. बिलासाठी बाई आणि उखळ एवढंच, नाव खाली प्रिंटरच्याच अक्षरात.

तिसरं, एआयचं चित्र फक्त संदर्भ म्हणून द्यायचं आणि लोगो नवीन करून घ्यायचा. महाग आणि वेळखाऊ. पण नाव आणि लोगो ट्रेडमार्क करायचं डोक्यात असेल तर याचा विचार कराच. मसाले ३० व्या वर्गात येतात, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे, आणि उखळात कुटणारी बाई मसाल्याच्या पाकिटांवर इतकी सर्रास दिसते की चित्राच्या जोरावर तुमचं वेगळेपण सांगणं अवघड जाईल. ट्रेडमार्कच्या साइटवर आधी नाव शोधून बघा, मग पैसे घाला.

या बाईंना मी रिड्रॉच सांगितला, कारण दुकान एकच, माल ओळखीत जातो, चित्र घरात सगळ्यांना आवडलंय आणि छापायच्या जागा मात्र चार. फक्त लेबल छापायचं असतं, ८-९ सेंटिमीटरच्या आत, आणि हात दुरुस्त करून अक्षर फॉन्टमधे वेगळं टाकलं असतं, तर त्यांचं १०२४ पिक्सेलचं चित्रसुद्धा चाललं असतं, ट्रेसचीही गरज नव्हती. बोर्डावर ३ फुटांचा लोगो लावायचा म्हटलं की तेच चित्र इंचाला जेमतेम २८ पिक्सेल उरतं आणि अक्षराच्या कडा रस्त्यावरून पायऱ्या-पायऱ्या दिसतात.

काम हातात आलं की एवढं तपासा: पीडीएफ उघडून ६४०० टक्के झूम करा. कडा गुळगुळीत राहिली तर व्हेक्टर आहे, चौकोन दिसले तर कुणीतरी पीएनजीच पीडीएफमधे चिकटवून दिलंय, आणि हे होतं, बऱ्यापैकी होतं. कडा गुळगुळीत पण जरा थरथरल्यासारखी दिसली तर रिड्रॉचे पैसे घेऊन ट्रेस दिलाय, गोल टिकलीवर झूम केलं की लगेच कळतं.

आणि पत्रात हे वाढवा. कुठल्या जागी किती मोठा छापणार ते मापासकट, रंग जास्तीत जास्त किती, नावाचं शुद्ध स्पेलिंग वेगळ्या ओळीत टाइप करून (चित्रावरून उतरवू देऊ नका), चित्र कुठल्या एआय टूलवर काढलं आणि त्याच्या अटींत धंद्यासाठी वापर चालतो का. एसव्हीजी, पीडीएफ आणि एकरंगी आवृत्ती हवी हे आधीच लिहा, नंतर मागितलं की जादा पैसे लागतात. शेवटची ओळ हक्कांची, कारण फ्रीलान्सरने काढलेल्या कामाचे हक्क पैसे दिले म्हणून आपोआप तुमचे झाले असं धरून चालू नका, लेखी हस्तांतरण करून घ्या, आणि त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, उद्या दुबईच्या नातेवाइकांकडे मसाला विकायला पाठवायचा झाला तर ते नडेल.