सिमेंट की टाइल: झुरळांचा फवारा कुठे टिकतो?

ऐरोलीतल्या एखाद्या किचनमध्ये झुरळांसाठी फवारा मारायचाय. ओट्यावरच्या टाइलवर मारावा, की सिंकखालच्या उघड्या प्लास्टरवर?

गुळगुळीत टाइलवर थोडा जास्त फवारा पडला की थेंब जुळून खाली ओघळतात आणि औषध तळाच्या फटीत साचतं. उरलेला थर रोजच्या साबणाच्या फडक्याने जातो. ऑइलपेंटचंही तेच. खरखरीत सिमेंटवर मात्र औषधाचे कण खाचांत बसतात, आणि सिंकखाली फडकं फिरवतंय कोण?

पण हे पाण्यात कालवायच्या भुकटीबद्दल (डब्यावर डब्ल्यूपी लिहिलेलं असतं). पाण्यात दुधाळ होणारं ईसी प्रकारचं औषध सिमेंट पिऊन टाकतं. पृष्ठभागावर फारसं काही उरत नाही, झुरळ आरामात चालून जातं. उलट न पुसलेल्या टाइलवर तेच औषध जास्त दिवस टिकतं. ताजं प्लास्टर किंवा चुना असेल तर त्यातला क्षार डेल्टामेथ्रिनसारखी औषधं लवकर मोडतो.

भुकटी नीट बसली तर वाळल्यावर पांढुरकी झाक दिसते. ओघळाच्या रेघा दिसल्या तर फवारा जास्त झाला.

म्हणून सिंकखालचं जुनं कोरडं सिमेंट असेल तर भुकटीचा फवारा. रोज पुसल्या जाणाऱ्या टाइलवर फवारा नकोच. सांध्यांत, बिजागरीमागे जेलचे ठिपके द्या, मात्र त्या ठिपक्यांजवळ फवारा मारू नका, नाहीतर झुरळं जेल खाणार नाहीत.