देव्हाऱ्यासाठी वर्ख: सोन्याचा की चांदीचा?

इंदूरच्या सराफ्यात देव्हाऱ्याच्या महिरपीसाठी वर्ख घ्यायला गेलात, की प्रश्न पडतोच. ठोकून पातळ होण्यात दोन्ही धातू तरबेज आहेत. दोघांच्याही अणूंचे थर सारख्याच पद्धतीने रचलेले असतात आणि घाव बसला की ते तुटण्याऐवजी एकमेकांवरून सरकतात. तरी सोनं पुढे जातं. एका ग्रॅमचा साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा होतो, जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. उजेडाकडे धरा, आरपार हिरवट प्रकाश दिसतो.

खरा फरक नंतर कळतो. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइड धरतं: आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळं. वर्ख इतका पातळ, की घासून उजळायला गेलात तर तोच निघून येतो. सोनं आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं, म्हणून हवेतला ऑक्सिजन किंवा गंधक त्याला काही करू शकत नाही. मात्र सोनं शुद्ध हवं. तांबं जास्त मिसळलेलं असेल तर ते तांबं काळवंडतं.

मिठाईवर चांदीचा वर्ख चालेल, दोन दिवसांत संपतो. महिरपीला मी सोन्याचाच लावेन.