विसरलेलं सबस्क्रिप्शन बंद करायचं: स्टोअरमधून की यूपीआयमधून?

बाबांच्या पासबुकात महिन्याला १९९ रुपयांच्या दोन नोंदी दिसायला लागल्या, तेव्हा मी हे दोन्ही मार्ग वापरून पाहिले. एक शब्दकोड्यांचं अ‍ॅप होतं, ते बाबा रोज सकाळी उघडतात. दुसरं कागद स्कॅन करायचं. ते पेन्शनच्या कागदांसाठी सात दिवसांच्या मोफत चाचणीवर घेतलं होतं आणि काम झाल्यावर फोनमधून काढूनही टाकलं होतं. अ‍ॅप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं, असा त्यांचा समज होता. तसं होत नाही, कारण करार फोनमधल्या अ‍ॅपशी नसतो, स्टोअरच्या खात्याशी असतो.

यूपीआयचा मार्ग आधी हाती लागतो, हे मान्य करायला हवं. ऑटोपेची यादी उघडायची, नको ते मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, निवडायचं, रद्द करून पिन टाकायचा. मिनिटभराचं काम. शिवाय पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे विसरलेला खर्च सापडतो तो बहुधा इथेच. ज्यांना जीमेलचा पासवर्डही आठवत नाही, त्यांना माझ्या मते हाच आधार आहे.

पण माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे. मी पाहत होतो त्या यादीत दोन्ही ओळींवर नाव होतं फक्त स्टोअरचं. रक्कम तीच, १९९. फरक काय तो तारखेचा, आणि कोणती तारीख कुठल्या अ‍ॅपची हे बाबांना आठवत नव्हतं. मी अंदाजाने एक रद्द केलं. पुढच्या नूतनीकरणाच्या दिवशी 'पेमेंट झालं नाही, पद्धत बदला' असा मेल आला, तो शब्दकोड्यांचा! स्कॅनरचे पैसे मात्र जातच राहिले. मॅन्डेट थांबवलं असतं तर पुन्हा सुरू करता आलं असतं. रद्द केलेलं परत येत नाही, नवीनच काढावं लागतं. बाबा दोन दिवस कोड्यांविना बसले, याचं मला फार वाईट वाटलं.

आणखी एक कच्चा दुवा आहे. मॅन्डेट रद्द केलं तरी स्टोअरच्या लेखी सबस्क्रिप्शन चालूच असतं, फक्त पैसे अडलेले असतात. खात्यात पर्यायी कार्ड किंवा शिल्लक जोडलेली असेल, तर वसुली तिथून होऊ शकते.

स्टोअरच्या यादीत हा गोंधळ नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions` उघडलं की अ‍ॅपचं नाव, रक्कम आणि पुढची तारीख समोर येते. आयफोनवर `Settings` मध्ये स्वतःच्या नावाखाली `Subscriptions` असतं. रद्द केल्यावर पैसे भरलेल्या मुदतीपर्यंत अ‍ॅप सहसा वापरता येतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. आयफोनवर मोफत चाचणी तर संपण्याच्या किमान चोवीस तास आधीच रद्द करावी.

त्रास इथेही झाला. बाबांच्या यादीत स्कॅनर नव्हताच. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने एक नवीन जीमेल काढून दिलं होतं आणि ते खातंही फोनवर होतं. मी दोन्ही खात्यांच्या मेलमध्ये `GPA` शोधलं, कारण प्ले स्टोअरच्या पावतीचा क्रमांक याच अक्षरांनी सुरू होतो. दुसऱ्या खात्यात पावत्यांची रांगच निघाली, त्यावर स्कॅनरचं नाव होतं. प्ले स्टोअरमध्ये चित्रावर टिचकी मारून ते खातं निवडलं, तेव्हा यादीत तो दिसला आणि रद्द झाला.

पावत्या शोधण्यात माझा अर्धा तास गेला, यूपीआयमध्ये एक मिनिट लागलं होतं. तरीही मला विचाराल तर आधी स्टोअरमध्येच जावं, आणि फोनवरचं प्रत्येक खातं बदलून पाहावं. सबस्क्रिप्शन अ‍ॅपच्या वेबसाइटवरून घेतलेलं असेल तर ते स्टोअरच्या यादीत येत नाही. त्या वेबसाइटवरच रद्द करावं लागतं, आणि ते जमलं नाही तर मग यूपीआयचं मॅन्डेट. अशा मॅन्डेटवर त्या कंपनीचं नाव दिसत असेल तर चुकण्याची भीतीही कमी.

बाबांचं कोड्यांचं नवीन मॅन्डेट मी स्टोअरमधूनच काढून दिलं. दुकानातलं ते जुनं खातं अजून फोनवर ठेवलं आहे; पुढच्या महिन्याच्या पासबुकात १९९ ची एकच नोंद दिसली की काढून टाकेन.