घरगुती शिकवणीची जाहिरात नव्याने लिहिली: एप्रिल ते दिवाळी वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका मॅडमची गणिताची शिकवणी. पोस्ट एप्रिलमध्ये बदलली आणि दिवाळीपर्यंत पेठेतल्या व पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालवली. आधीची पोस्ट अशी होती:

"अनुभवी व उच्चशिक्षित शिक्षिका. ५ वी ते १२ वी सर्व विषय. वैयक्तिक लक्ष. सकाळ-संध्याकाळ बॅचेस. १००% निकाल, नाद खुळा रिझल्ट! प्रवेश मर्यादित."

नाद खुळा हे मंडळाच्या फलकावर शोभतं. पालकाला मात्र यातून काहीच कळत नाही, त्यामुळे जो तो फोन करून तेच विचारायचा: माध्यम कुठलं, वेळ काय, घर कुठं. शिवाय एकच बाई पाचवीपासून बारावीपर्यंत सगळंच शिकवते म्हटलं, की दहावीच्या पालकाला शंका येतेच. नवी पोस्ट:

*दहावी गणित, भाग १ व २. राज्य मंडळ, मराठी व सेमी-इंग्रजी.*
मंगळवार पेठ, खासबाग मैदानाजवळ. जून २०२५ पासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत.
शिक्षण: एम.एस्सी. गणित, शिवाजी विद्यापीठ, २०१४. बी.एड., २०१५. दहावीला गणित २०१६ पासून.
दुपारची शाळा असणाऱ्यांसाठी: सोम, बुध, शुक्र सकाळी ७.३० ते ९.
सकाळची शाळा असणाऱ्यांसाठी: त्याच दिवशी संध्याकाळी ५.३० ते ७.
एका बॅचला जास्तीत जास्त ८ मुलं.
मार्च २०२४ परीक्षा: ९ मुलं बसली. गणितात १०० पैकी ९० किंवा जास्त: २, ७५ ते ८९: ४, ६० ते ७४: २, ४८ गुण: १.
फोन दुपारी १ ते ३.

सगळ्यात जास्त काम निकालाच्या ओळीनं केलं. "आमच्या विद्यार्थ्याला ९२%" या वाक्याला गणिताच्या शिकवणीत फारसा अर्थ नाही. दहावीची टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते, म्हणजे ज्या विषयाची शिकवणी लावली तोच कधी कधी हिशेबातून बाहेर पडलेला असतो. म्हणून विषयाचेच गुण द्यायचे, आणि किती मुलं बसली तेही. "१००% निकाल" तीन मुलांचा की तीसचा, हे न सांगता लिहिलं तर जाणता पालक हसतो. गणिताच्या १०० गुणांपैकी २० अंतर्गत मूल्यमापनाचे, शाळेनं दिलेले असतात, लेखी परीक्षा ८० चीच. एखाद्यानं विचारलं तर हे सरळ सांगायचं.

४८ ची ओळ काढावी असं मॅडमना वाटत होतं. ती ठेवली. नंतर भेटायला आलेल्या पालकांत याच ओळीबद्दल विचारणारे बरेच निघाले, आणि ज्यांचं मूल गणितात कच्चं आहे तेच यामुळे दुसरीकडं न जाता इथं थांबले. मुलांची नावं, फोटो मात्र घातले नाहीत. घालायचे असतील तर निकालानंतर मूल आणि पालक दोघांना विचारूनच. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर घेतलेली सही त्यासाठी पुरत नाही.

शिक्षणाच्या ओळीत पदवी, विषय, विद्यापीठ, वर्ष एवढं पुरतं. "उच्चशिक्षित" खोडून टाकायचं. वजन पडावं म्हणून काहीजण "सध्या अमुक शाळेत कार्यरत" असंही लिहितात. ते उलटतं: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, म्हणजे ती ओळ स्वतःविरुद्धच पुरावा ठरते. या मॅडम शाळेत नोकरीला नाहीत, त्यामुळे इथं तो प्रश्न आला नाही.

वेळ शाळेच्या सत्राला जोडून लिहिल्याचा फायदा लगेच दिसला. आपलं मूल कुठल्या बॅचचं हे वाचणाऱ्याला तिथंच समजतं. संध्याकाळची बॅच ७ ला सुटते हे वाचून मुलींच्या पालकांची एक चौकशी कमी झाली.

फोन कमी आले, हेही सांगायला हवं. बारावीवाले, सीबीएसईवाले आपोआप गळाले, जे आले ते बहुतेक थेट "कधी भेटायचं?" असंच विचारत होते. फी पोस्टमध्ये लिहिली नव्हती, आणि तिथं मात्र जुनाच त्रास राहिला: निम्मं बोलणं फीवरच. पुढच्या एप्रिलला महिन्याची रक्कम आणि त्यात सराव-प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स येतात की नाही, हे दोन्ही लिहायला हवं.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. पहिली, ही मजकुराची पोस्ट कुणीतरी बॅनर करून पुढं पाठवली आणि त्यात बॅचच्या वेळा गेल्या. बॅनर दिसायला भारी, पण ग्रुपमध्ये "गणित" शोधलं तर चित्रातला मजकूर सहसा सापडत नाही आणि वेळ बदलली तर आधी फिरलेलं चित्र तसंच राहतं. दुसरी, संध्याकाळची बॅच जुलैत भरली तरी पोस्ट फिरतच राहिली. वर्ष लिहिलेलं असल्यानं पुढच्या जूनला ती जुनी म्हणून ओळखू येईल, पण चालू वर्षात त्याचा उपयोग नाही. "३ जागा शिल्लक" असं लिहिण्यात अर्थ नाही. ते आठवड्यात खोटं होतं. बॅच भरली की त्याच ग्रुपवर एक ओळ टाकायची: "संध्याकाळची बॅच भरली, सकाळी जागा आहेत." ती टाकल्यावर सकाळच्या बॅचची चौकशी वाढली.